गेन वाढवला, तर लूप डोलायला का लागला?

*“सर, आमच्याकडे वाफेवर पाणी तापवणारा प्लेट हीट एक्स्चेंजर आहे. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सेटपॉइंट ८० डिग्री, ट्रान्समीटरची रेंज ० ते १००. कंट्रोलर फक्त प्रपोर्शनलवर आहे, गेन २. थंडी सुरू झाल्यापासून तापमान ७७ वरच थांबतं. गेन वाढवला की एरर कमी होते असं शिकलो होतो, म्हणून गेन ५ केला. हिशेबाने ७८.५ तरी यायला हवं होतं. झालं उलटंच. पहिल्या फेऱ्या लहान होत्या, पण पंधरा-वीस मिनिटांत तापमान ७० ते ८८ असं वरखाली व्हायला लागलं, साधारण पाऊण मिनिटाला एक फेरी. स्टीम व्हॉल्व्ह पूर्ण बंद ते ९० टक्के असा फिरत होता. मॅन्युअलवर घेतल्यावर सगळं शांत झालं. मग मॅन्युअलमध्येच व्हॉल्व्ह ५ टक्क्यांनी उघडून पाहिला: १२ सेकंद काहीच नाही, नंतर तापमान हळूहळू चढून ६ डिग्रीने वाढून थांबलं. ट्रेंड जोडला आहे. आरटीडी एक्स्चेंजरपासून ९ मीटरवर आहे. ऑपरेटर काका म्हणतात, रात्री पाण्याचा प्रवाह निम्म्यावर आला की गेन २ असतानाही लूप हंटिंग करायचा. माझा हिशेब कुठे चुकला?”*

*— इन्स्ट्रुमेंट विभागातला एक ज्युनिअर इंजिनिअर*

हिशेब चुकलेला नाही. ७८.५ हा आकडा बरोबर आहे. पण तो लूप स्थिरावल्यानंतरचा आकडा आहे, आणि गेन ५ वर तुझा लूप स्थिरावतच नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत: स्थिरावल्यावर किती फरक उरेल, आणि मुळात स्थिरावेल का. पहिल्याचं उत्तर काढताना वेळ कुठेच येत नाही. दुसऱ्यात वेळेशिवाय काहीच नाही.

आधी पहिला प्रश्न, कारण ७७ का येतं हे नीट कळलं की पुढचं सोपं जातं. नुसत्या प्रपोर्शनल कंट्रोलरमध्ये व्हॉल्व्हची जागा दोन गोष्टींवर ठरते: आधी ठरवून दिलेला बायस, आणि गेन गुणिले एरर. तुझा बायस ४० टक्क्यांच्या आसपास असावा, कारण ७० डिग्रीला व्हॉल्व्ह ९० टक्के आणि ८८ ला पूर्ण बंद हे दोन्ही आकडे त्याच बायसशी जुळतात. उन्हाळ्यात ४० टक्के व्हॉल्व्ह पुरत असेल. आता आत येणारं पाणी गार झालं, तेव्हा जास्त वाफ हवी. ती जादा वाफ फक्त एररमुळेच मिळू शकते. ३ डिग्री कमी पडले की गेन २ मुळे व्हॉल्व्ह ६ टक्क्यांनी जास्त उघडतो. तापमान चुकून ८० वर पोहोचलंच, तर एरर शून्य होईल, व्हॉल्व्ह परत ४० वर येईल आणि पाणी पुन्हा गार होईल. म्हणून ते ३ डिग्री जात नाहीत. तो फरकच व्हॉल्व्हला उघडा धरून असतो.

तुझ्या चाचणीवरून प्रोसेसचा गेन मिळतो: ५ टक्के व्हॉल्व्हला ६ डिग्री, म्हणजे १ टक्क्याला १.२. रेंज ० ते १०० असल्यामुळे डिग्री आणि टक्का इथे एकच. ६ टक्के जादा उघडलेल्या व्हॉल्व्हने ७.२ डिग्री भरून काढले आणि तरी ३ उरले. म्हणजे थंडीमुळे एकूण १०.२ डिग्रीची तूट आली होती. उरणारा फरक असा निघतो: तूट भागिले (१ अधिक दोन्ही गेनचा गुणाकार). गेन २ ला १०.२ भागिले ३.४, म्हणजे ३. गेन ५ ला १०.२ भागिले ७, म्हणजे साधारण दीड. तुझे ७८.५ ते हेच.

आता वेळेचा भाग. या भागाकारात असं गृहीत धरलंय की व्हॉल्व्ह हलला की तापमानाला त्याच क्षणी कळतं. तुझ्या प्लँटमध्ये ते कळायला १२ सेकंद लागतात. पाइपातला वेग सेकंदाला १ मीटरच्या आसपास असेल, तर ९ मीटर अंतर कापायलाच ९ सेकंद जातात. उरलेले ३ सेकंद पोझिशनर, व्हॉल्व्हची हालचाल आणि थर्मोवेलमध्ये जातात. या १२ सेकंदांना डेड टाइम म्हणतात. त्यानंतरही तापमान एकदम उडी घेत नाही. तुझ्या ट्रेंडवर ६ डिग्रीच्या ६३ टक्के, म्हणजे ३.८ डिग्री वाढ, व्हॉल्व्ह हलवल्यापासून ५२ व्या सेकंदाला दिसते. त्यातले १२ वजा केले की टाइम कॉन्स्टंट ४० सेकंद. प्रोसेस गेन १.२, डेड टाइम १२, टाइम कॉन्स्टंट ४०: तुझ्या लूपची ओळख एवढ्या तीन आकड्यांत मावते, आणि ते तू स्वतःच मोजून पाठवले आहेस.

आता हंटिंगची एक फेरी सेकंदासेकंदाने पाहू. तुझ्या ट्रेंडवर तापमानाचा तळ आणि व्हॉल्व्हचा माथा एकाच वेळी दिसतो. तसं असणारच, कारण प्रपोर्शनल कंट्रोलर वाट बघत नाही. तापमान ७० ला आहे, व्हॉल्व्ह ९० टक्के उघडा. ही वाफ पाण्यात शिरतेय, पण आरटीडीला त्यातलं काहीच कळलेलं नाही. त्याच्यापर्यंत आता पोहोचणारं पाणी १२ सेकंदांपूर्वीच्या वाफेवर तापलेलं आहे. साधारण अकराव्या सेकंदाला आरटीडीवर तापमान मध्यावर येतं आणि कंट्रोलरने व्हॉल्व्हही मध्यापर्यंत आवरलेला असतो. वरवर पाहता सगळं ठीक चाललंय. पण व्हॉल्व्ह ९० टक्के असताना तापलेलं पाणी याच वेळी त्या ९ मीटर पाइपात आहे, आणि ते आरटीडीकडेच निघालंय. ते परत मागे घेता येत नाही, गेन कितीही असो. एकविसाव्या-बाविसाव्या सेकंदाला तापमान ८८ ला पोहोचतं. कंट्रोलर व्हॉल्व्ह पूर्ण बंद करतो. आणि आता वाफेविना राहिलेलं पाणी त्याच पाइपात शिरतं, पुढच्या तळाची तयारी करत.

सुधारणा अर्ध्या फेरीच्या उशिराने पोहोचते, हे इथलं खरं कारण आहे. अर्धी फेरी उशीर झाला की गरम करायचा हुकूम नेमका पाणी गरम असताना अमलात येतो, आणि गार करायचा हुकूम गार असताना. निगेटिव्ह फीडबॅक म्हणून जोडलेला लूप त्या एका वेगाला पॉझिटिव्ह फीडबॅकसारखा वागतो. तुझ्या तीन आकड्यांवरून तो वेगही काढता येतो. ४३ सेकंदांची एक फेरी धरली, तर १२ सेकंदांचा डेड टाइम म्हणजे जवळपास १०० अंश, आणि ४० सेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटमुळे येणारा उशीर उरलेले ८० अंश. बेरीज १८०. तू घड्याळ न लावता “पाऊण मिनिट” लिहिलंस, ते याच्याशी चांगलं जुळतं.

उशीर तर गेन २ वरही होता. मग तेव्हा दिवसा लूप का डोलला नाही? कारण उशिरा परत येणारी लाट मोठी होऊन येते की लहान होऊन, हे गेनवर ठरतं. व्हॉल्व्ह ४३ सेकंदांच्या फेरीने वरखाली केला, तर तापमानाला पूर्ण चढायला किंवा उतरायला वेळच मिळत नाही. संथपणे हलवलेल्या १ टक्क्याला १.२ डिग्री मिळतात, पण या वेगाने हलवलेल्या १ टक्क्याला जेमतेम ०.२. त्याला कंट्रोलरच्या गेनने गुण. गेन २ ला ०.४, म्हणजे लाट लूपभर फिरून येते ती निम्म्याहून कमी होऊन, आणि विरून जाते. गेन ५ ला १.०२. परत येणारी लाट गेलेल्या लाटेपेक्षा किंचित मोठी. म्हणून तुझ्या पहिल्या फेऱ्या लहान होत्या आणि पंधरा-वीस मिनिटं वाढत गेल्या. वाढ थांबली ती व्हॉल्व्ह शून्यावर टेकला म्हणून. त्याहून जास्त बंद होणं त्याला शक्यच नव्हतं. व्हॉल्व्हला थोडी अजून जागा असती, तर तुला ८८ च्या वरचे आकडे दिसले असते.

सीमा आहे गेन ४.९ वर. तू तिच्या जरासा पलीकडे गेलास.

आता हा आकडा घेऊन पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे ये, म्हणजे नुसत्या प्रपोर्शनलची खरी मर्यादा दिसेल. ४.९ वर लूप कायम डोलत राहतो, तेव्हा कामाचा गेन फार तर त्याच्या निम्मा, २.४५. त्या गेनला उरणारा फरक किती? १०.२ भागिले ३.९४, म्हणजे २.६ डिग्री. ३ वरून २.६. या लूपमध्ये गेन वाढवून सुरक्षितपणे एवढंच मिळू शकतं, याहून जास्त नाही. म्हणजे २ च्या जागी ५ नको, ३ घालून बघू, असा विचार करत असशील, तर त्या वाटेला जाऊ नकोस. फरक मिटवण्याचं काम इंटिग्रलचं आहे, आणि तुझ्या कंट्रोलरमध्ये ते बंद करून ठेवलंय.

इंटिग्रल एररला धरून व्हॉल्व्ह सरकवत राहतो, एरर शून्य होईपर्यंत. शून्य झाली की व्हॉल्व्ह जिथे पोहोचला तिथेच थांबतो, बायसकडे परत जात नाही. थंडीला ८.५ टक्के जादा वाफ हवी असेल, तर तो ८.५ वर जाऊन थांबतो आणि तापमान ८० वर. नवा माणूस इथे एक चूक हमखास करतो, ती म्हणजे आहे त्या गेनवर इंटिग्रल चढवणं. इंटिग्रलही उशीर वाढवतो, कारण तो आधी साठलेल्या एररवर चालतो. १८० अंशांच्या हिशेबात त्याचा वाटा येतो आणि सीमा खाली येते. म्हणून इंटिग्रल आणताना गेन कमी करायचा असतो.

किती कमी, याचे बरेच नियम आहेत. टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीतल्या झिग्लर आणि निकोल्स यांचा १९४२ मधला नियम तुझ्या पुस्तकात असेल: गेन वाढवत नेऊन लूप सतत डोलायला लावायचा, तो गेन आणि फेरीचा वेळ टिपायचा, आणि त्यावरून सेटिंग काढायची. पीआय कंट्रोलरसाठी सीमेच्या ०.४५ पट गेन आणि फेरीच्या वेळाला १.२ ने भागून इंटिग्रल टाइम. तुझ्यासाठी गेन २.२ आणि इंटिग्रल ३६ सेकंद. हे मी तुला सुचवणार नाही. त्या दोघांना प्रत्येक पुढची लाट आधीच्या पाव उंचीची झाली तरी चालत होती, म्हणजे धक्क्यानंतर काही फेऱ्या डोलणं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. पाणी तापवण्याच्या कामात त्याची गरज नाही. शिवाय तुझ्या ऑपरेटर काकांनी सांगितलेली रात्रीची गोष्ट आहे, आणि मला तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटते.

रात्री प्रवाह निम्मा होतो तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी बिघडतात. पाइपातला वेग निम्मा होतो, म्हणून ९ मीटरला ९ ऐवजी १८ सेकंद लागतात आणि डेड टाइम १२ चा २१ होतो. आणि तीच वाफ निम्म्या पाण्याला मिळते, म्हणून १ टक्का व्हॉल्व्हला १.२ ऐवजी साधारण २.४ डिग्री वाढ होते. टाइम कॉन्स्टंट ४० च धरला (खरा तोही थोडा बदलतो), तर गेनची सीमा ४.९ वरून १.५ वर येते. गेन २ तिच्याही वर आहे. म्हणजे काकांना दिसलं ते अगदी खरं होतं: दिवसा नीट चालणारं सेटिंग रात्री अस्थिर होतं. वाफेचं प्रेशर, थंडी, व्हॉल्व्ह असा कशाकशावर तेव्हा संशय घेतला गेला असेल, पण रात्रीच्या या हंटिंगला एवढं कारण पुरेसं आहे.

म्हणून ट्युनिंग दिवसाच्या आकड्यांवर काढ, पण रात्रीला पुरेल एवढं राखून. मी लॅम्डा पद्धत वापरतो, कारण तिच्यात लूप किती चपळ हवा हे आपण आधी सांगतो आणि गेन त्यातून निघतो:

```
Kc = τ / (K × (λ + θ))
Ti = τ
```

`K` हा प्रोसेस गेन, `θ` डेड टाइम, `τ` टाइम कॉन्स्टंट, `Kc` कंट्रोलरचा गेन आणि `Ti` इंटिग्रल टाइम. `λ` म्हणजे डेड टाइम संपल्यावर तापमानाने किती सेकंदांत ६३ टक्के वाट कापावी हा तुझा निर्णय. डेड टाइमच्या तिप्पट, ३६ सेकंद घे. मग गेन ४० भागिले (१.२ गुणिले ४८), म्हणजे ०.७, आणि इंटिग्रल ४० सेकंद. याच सेटिंगला रात्रीच्या आकड्यांवर तपासलं, तर सीमा १.२५ च्या जवळ येते. ०.७ तिच्यापासून बरंच खाली आहे. चपळपणाच्या मोहात `λ` ला १२ सेकंद घेतलं असतंस, तर गेन १.४ आला असता: दिवसा छान, रात्री पुन्हा हंटिंग.

५ वरून ०.७ वर यायचं, म्हणजे कंट्रोलर लुळा पडेल असं वाटेल. हिशेब करून बघ. ३ डिग्रीची एरर आली की प्रपोर्शनल लगेच २.१ टक्के देतो, आणि एरर तशीच राहिली तर इंटिग्रल दर ४० सेकंदांना आणखी २.१ टक्के वाढवतो. थंडीची तूट काही दिवसांत हळूहळू येते. तिच्यासाठी हा वेग पुरून उरतो. जिथे कमी गेनची खरी किंमत मोजावी लागते ते म्हणजे अचानक धक्के, समजा कुणी मोठा वापर एकदम सुरू केला. तेव्हा तापमान थोडं जास्त खाली जाईल आणि परत यायला दोन-तीन मिनिटं लागतील. तुमच्या प्रोसेसला ते चालत नसेल, तर प्रवाह मोजून दिवसाचा आणि रात्रीचा गेन वेगळा ठेवता येतो. बहुतेक डीसीएसमध्ये ही सोय असते.

पण त्याच्याही आधी मी आरटीडी हलवीन. हे सांगायला मला आवडतं, कारण ट्युनिंगवर तासन्‌तास घालवणारे लोक पाइपाकडे वळून बघत नाहीत. आरटीडी ९ मीटरऐवजी १ मीटरवर आणला, तर डेड टाइम १२ वरून ४ सेकंदांवर येतो, आणि गेनची सीमा ४.९ वरून १३ च्या पुढे जाते. रात्रीचा फरकही लहान होतो, कारण उशिराचा जो भाग प्रवाहाबरोबर बदलत होता, तोच कापला गेला. कुठलंही सूत्र तुला एवढं देणार नाही. अगदी एक्स्चेंजरच्या तोंडाशी मात्र लावू नको. पाणी नीट मिसळेल एवढी जागा राहू दे, आणि थर्मोवेल पाण्याच्या मधल्या धारेपर्यंत पोहोचतो ना, ते बघ. पुढच्या शटडाउनच्या कामांच्या यादीत आजच टाक.

सेटिंग घालण्याआधी इंटिग्रलचं एकक तपास. काही कंट्रोलर सेकंद मागतात, काही मिनिटं, आणि काही जुने कंट्रोलर दर मिनिटाला किती वेळा, म्हणजे रिपीट्स पर मिनिट, असं मागतात. तुझे ४० सेकंद म्हणजे ०.६७ मिनिट, किंवा मिनिटाला १.५ रिपीट. मिनिटांच्या खान्यात ४० लिहिलंस, तर इंटिग्रल जवळजवळ बंदच राहील. रिपीटच्या खान्यात ४० लिहिलंस, तर लूप पुन्हा डोलेल आणि तुला वाटेल की माझं उत्तर चुकलं. गेनचंही तसंच. जुन्या कंट्रोलरवर प्रपोर्शनल बँड असतो: गेन २ म्हणजे ५० टक्के बँड, ०.७ म्हणजे सुमारे १४० टक्के. बँड वाढला की गेन कमी होतो, हे लक्षात असू दे.

बदल दिवसा कर, शिफ्टला सांगून, आणि ऑपरेटरला पॅनेलवर बसवून. लूप मॅन्युअलवर असताना नवे आकडे घाल. तापमान स्थिर झालं की सेटपॉइंट आहे त्या तापमानावर आण आणि मगच ऑटोवर घे, नाहीतर व्हॉल्व्ह उडी मारेल. मग सेटपॉइंट फक्त २ डिग्रीने हलव. व्हॉल्व्ह लगेच १.४ टक्क्यांनी सरकला पाहिजे. तापमान १२ सेकंद गप्प, ४८ व्या सेकंदापर्यंत साधारण सव्वा डिग्री वर, आणि अडीच मिनिटांत जवळपास जागेवर, वर न उसळता. असा ट्रेंड आला तर तुझे तिन्ही आकडे खरे ठरले. तापमान सेटपॉइंटच्या वर जाऊन परतलं, तर प्रोसेस गेन किंवा डेड टाइम कुठेतरी कमी मोजला गेलाय. चाचणी पुन्हा कर, आणि या वेळी व्हॉल्व्ह उघडूनही आणि बंद करूनही बघ, कारण दोन्ही दिशांना ६ डिग्री येतीलच असं नाही. त्यानंतर त्याच दिवशी रात्री प्रवाह निम्मा असताना हीच चाचणी काकांसोबत कर. तिथे थोडी उसळी दिसली तर काळजी नको, पण प्रत्येक लाट आधीच्यापेक्षा स्पष्ट लहान व्हायला हवी.

तुझ्या प्रश्नात “एरर” हा शब्द आहे म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो. लूप आता ८० दाखवेल ते आरटीडीचे ८०. क्लास बी पीटी १०० ला ८० डिग्रीच्या आसपास ०.७ डिग्रीपर्यंत फरक चालतो. पाणी खरोखर किती तापलंय याची खात्री हवी असेल, तर ती कॅलिब्रेशनने मिळेल. गेन आणि इंटिग्रल हे दोन्ही फक्त दिसणाऱ्या आकड्यावर काम करतात.

आणि इंटिग्रल सुरू केल्यावर एका गोष्टीवर आठवडाभर नजर ठेव. गेन ५ ला व्हॉल्व्ह वरखाली धावला, त्याने ग्लँड पॅकिंगला त्रास दिलाच असेल. स्टेम अडकायला लागला, तर इंटिग्रल त्याला हळूहळू ढकलत राहतो, व्हॉल्व्ह एकदम सुटून गरजेपेक्षा पुढे जातो, आणि मग तेच उलट दिशेने. त्यातूनही हंटिंग होतं, पण ते वेगळं ओळखू येतं: फेरी ४३ सेकंदांपेक्षा बरीच लांब असते, कंट्रोलरचं आउटपुट करवतीच्या दातांसारखं तिरकं चढतं-उतरतं, तापमान मात्र पायऱ्या पायऱ्यांनी बदलतं, आणि गेन कमी केला तरी ते थांबत नाही, फक्त संथ होतं. तसं काही दिसलं, तर सेटिंगला हात लावू नकोस. लूप मॅन्युअलवर घे, आउटपुट अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने वाढव, आणि कुणाला तरी व्हॉल्व्हजवळ उभं करून स्टेम किती टक्क्यांनंतर हलतो ते बघायला सांग. एक टक्क्याच्या आत हलला तर व्हॉल्व्ह ठीक आहे. दोन-तीन टक्के देऊनही हलत नसेल, तर पॅकिंग आणि पोझिशनर दोन्ही उघडायला मेकॅनिकलकडे दे.